यूटीएमचं फोर्स कॅलिब्रेशन: आधी ८ मिमीची सळी किती लोडला तुटते ते विचारा

डिप्लोमा करून कॅलिब्रेशन लॅबमध्ये लागलात, की थोड्याच दिवसांत सीनियरच्या मागे लोड सेलची पेटी उचलून साइटवर जाणं आलं. साइट म्हणजे बहुतेक वेळा सळ्या तपासणारी सिव्हिल लॅब, एखादी रोलिंग मिल, नाहीतर इंजिनिअरिंग कॉलेजची स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची लॅब. तिथे ४००, ६०० किंवा १००० किलोन्यूटनची हायड्रॉलिक यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, उभी असते. मशीनच्या पॅनेलवर जो आकडा येतो तेवढाच फोर्स खरोखर लागतोय का, हे आपल्या लोड सेलने किंवा प्रूव्हिंग रिंगने ताडून बघायचं. काम एका वाक्यात सांगता येतं, पण यात नवीन माणूस कुठे फसतो ते सांगण्यासाठी हा लेख.

आपल्याकडे हे काम आयएस १८२८ भाग १ प्रमाणे होतं. आयएसओ ७५००-१ तेच आहे. मशीनला क्लास मिळतो: ०.५, १, २ किंवा ३. सळी तपासणाऱ्या लॅबला साधारणपणे क्लास १ हवा असतो. म्हणजे प्रत्येक पॉइंटला मशीनची चूक अधिक-उणे १ टक्क्याच्या आत, आणि तीन वेळा घेतलेल्या रीडिंगमधला फरकही १ टक्क्याच्या आत. लोड काढल्यावर शून्य परत येताना राहणारी चूक मशीनच्या कमाल लोडच्या ०.१ टक्क्याच्या आत. तुमच्या लोड सेलचा स्वतःचा क्लास मशीनला द्यायच्या क्लासइतका किंवा त्याहून चांगला लागतो.

आता पॉइंट कुठले घ्यायचे? स्टँडर्ड सांगतं की २० टक्क्यांपासून १०० टक्क्यांपर्यंत साधारण समान अंतरावर किमान पाच. म्हणून ४०० किलोन्यूटनच्या मशीनवर सगळे डोळे मिटून ८०, १६०, २४०, ३२०, ४०० घेतात. सर्टिफिकेट निघतं, क्लास १ लिहिला जातो, ग्राहक ते फाइलला लावतो. पण त्या लॅबमध्ये दिवसभर काय तुटतं ते बघा. ८ मिमीच्या टीएमटी सळीचं क्षेत्रफळ ५०.३ चौरस मिमी. एफई ५०० डी ग्रेडला आयएस १७८६ प्रमाणे किमान तन्यता ताकद ५६५ न्यूटन प्रति चौरस मिमी, म्हणजे सुमारे २८.४ किलोन्यूटन. यील्ड तर २५ किलोन्यूटनच्या आसपासच येतो. म्हणजे त्या मशीनवरच्या ८ मिमीच्या सगळ्या टेस्ट तुम्ही तपासलेल्या रेंजच्या खाली झाल्या. सर्टिफिकेट खोटं नाही, पण त्या सळीपुरतं निरुपयोगी आहे.

म्हणून साइटवर पोचल्यावर पेटी उघडण्याआधी एकच प्रश्न विचारा: सगळ्यात बारीक कुठली सळी तपासता? उत्तर ८ मिमी आलं तर खाली ४० आणि २० किलोन्यूटनचे पॉइंट घ्यावेच लागतात. आणि इथे दुसरी अडचण येते. तुमच्या ५०० किलोन्यूटनच्या लोड सेलचं सर्टिफिकेट कुठपासून वैध आहे? त्यावर खालची मर्यादा छापलेली असते. ती ५० असेल, तर त्या सेलने २० किलोन्यूटन मोजण्यात अर्थ नाही; पॅनेलवर आकडा छान येईल, पण त्याच्या पाठीशी कुणी उभं नाही. त्यासाठी ५० किलोन्यूटनचा दुसरा, छोटा सेल बरोबर न्यावा लागतो. ऑर्डर घेतानाच फोनवर हे विचारलं तर फेरी वाचते. सेल्सवाले ते विचारत नाहीत, तुम्हालाच विचारायचंय.

खाली किती उतरता येईल यालाही मशीनची मर्यादा असते. क्लास १ साठी मशीनच्या रिझोल्यूशनच्या २०० पटीखाली जाता येत नाही. पॅनेलवर ०.१ किलोन्यूटनची पायरी असेल तर तळ २० किलोन्यूटन. पण पंप चालू करून, लोड नसताना आकड्याकडे जरा टक लावून बघा. आकडा एका पायरीपेक्षा जास्त नाचत असेल तर रिझोल्यूशन त्या नाचण्यावरून धरावं लागतं, आणि तळ वर सरकतो. अशा मशीनवर ८ मिमीची सळी क्लास १ मध्ये बसतच नाही, हे ग्राहकाला तिथल्या तिथे सांगून टाकावं.

आता मांडणी. या प्रकारच्या यूटीएममध्ये खालच्या सिलिंडरमधला रॅम टेबलला वर ढकलतो, आणि बऱ्याच मशीनमध्ये फोर्स तेलाच्या दाबावरून मोजला जातो. म्हणजे रॅमवर जे जे वजन आहे ते सगळं पॅनेलला फोर्स म्हणूनच दिसतं. म्हणूनच शून्य घेण्याआधी टेबल थोडं वर उचलून तरंगतं ठेवायचं असतं. टेबल खाली बसलेलं असताना घेतलेलं शून्य फसवं, कारण तेव्हा वजन तेलावर नसून बुडावर असतं.

एका लॅबमध्ये पाहिलेला प्रकार इथे तपशिलात सांगतो. ४०० किलोन्यूटनचं मशीन, कॉम्प्रेशन बाजूला सेल लावलेला. मशीनवर २० किलोन्यूटन दाखवलं की सेलवर तीन फेऱ्यांत १९.७१, १९.७६ आणि १९.६९ येत होते. चूक काढताना मशीनचा आकडा वजा सेलचा आकडा, भागिले सेलचा आकडा. सरासरी चूक आली अधिक १.४२ टक्के. तीन रीडिंगमधला फरक मात्र फक्त ०.३६ टक्के, म्हणजे मशीन ठाम होतं, पण चुकीचं ठाम. ४० किलोन्यूटनला चूक ०.७८ टक्के, ८० ला ०.३३. वरच्या पॉइंटना तर ती जवळपास दिसेनाशी झाली. क्लास १ नापास, आणि तेही फक्त सगळ्यात खालच्या पॉइंटला.

ऑपरेटर लगेच म्हणाला, "साहेब, पॅनेलमध्ये खालचा पॉइंट ॲडजस्ट करून द्या ना." पॅनेलमध्ये तशी सोय असतेही. पण टक्के बाजूला ठेवून सरळ किलोन्यूटन बघा: २० ला सरासरी ०.२८, ४० ला ०.३१, ८० ला ०.२६. चूक लोडबरोबर वाढत नाही, सगळीकडे पाव ते तीन दशांश किलोन्यूटनच आहे. लोडच्या प्रमाणात वाढणारी चूक असेल तर कॅलिब्रेशन फॅक्टरकडे बघायचं. जागच्या जागी राहणारी चूक असेल तर शून्याकडे. ०.३ किलोन्यूटन म्हणजे साधारण ३० किलो. टेबलावर काय ठेवलं होतं? छोटा सेल उंचीला पुरत नव्हता म्हणून खाली जाड लोखंडी पॅकिंग, त्यावर प्लेट, त्यावर सेल. सगळं मिळून तेवढंच वजन. ऑपरेटरने मशीनचं शून्य सकाळी रिकाम्या टेबलावर घेतलं होतं, आणि ही सगळी चळत नंतर चढली. सेलला स्वतःखालचं वजन कळत नाही, तेलाला कळतं.

टेबलावर सगळं ठेवून, तरंगत्या स्थितीत शून्य परत घेतलं. मग २० किलोन्यूटनला सेलवर १९.९८, २०.०३, १९.९५ आले. सरासरी चूक ०.०७ टक्के, फरक ०.४ टक्के. मशीनमध्ये दोष नव्हताच. आणि समजा त्या वेळी पॅनेलमध्ये ०.३ किलोन्यूटन वजा करून टाकलं असतं, तर? सळी ओढताना टेबलावर पॅकिंग नसतं. मग २८.४ ची सळी २८.१ दाखवली असती, आणि ५६५ च्या काठावरचा चांगला माल नापास झाला असता. कागदावर मात्र क्लास १ झळकला असता.

तीन फेऱ्यांची पद्धत थोडक्यात: फेरीआधी कमाल लोडपर्यंत तीनदा चढवून उतरवायचं, मग चढत्या क्रमाने पॉइंट घ्यायचे. पुढच्या फेरीला सेल किंवा रिंग उभ्या अक्षाभोवती १२० अंशांनी फिरवायची. फिरवल्यावर आकडे लक्षणीय बदलले तर लोड तिरका लागतोय. प्लेटखालचा कचरा आणि गोलाकार सीट बघा. लोड काढल्यावर अर्धा मिनिट थांबून शून्य वाचायचं.

हायड्रॉलिक मशीनवर खरं कसब लोड धरून ठेवण्यात आहे. व्हॉल्व्ह बंद केला की लोड हळूहळू उतरतो, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच क्षणी वाचावे लागतात. एकाने मशीनकडे बघत आकड्यावर येताच "घे" म्हणायचं, दुसऱ्याने सेल वाचायचा. पॉइंट ओलांडून पुढे गेलात तर लोड कमी करून मागे यायचं नाही. उतरत्या लोडला रॅम आणि त्याच्या सीलमधलं घर्षण उलट्या बाजूने लागतं आणि आकडा वेगळा येतो. ती फेरी सोडा, शून्यावर जाऊन पुन्हा सुरू करा. घाईत हे टाळणारे मी बरेच पाहिलेत, आणि त्यांच्या शीटवर एकच रीडिंग सुटून बाजूला पडलेलं दिसतं.

प्रूव्हिंग रिंग वापरत असाल तर तापमान सोडून चालत नाही. रिंग म्हणजे स्टीलचं कडं. गरम झालं की किंचित मऊ होतं, आणि तेवढ्याच लोडला जास्त दबतं. नेहमीच्या स्टीलसाठी हा बदल दर अंशाला ०.०२७ टक्के धरतात. रिंग २३ अंशांना कॅलिब्रेट झालेली, आणि तुम्ही मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३३ ला उभे: फरक ०.२७ टक्के. ४०० किलोन्यूटनला रिंग सुमारे ४०१.१ दाखवेल, आणि तुम्ही मशीन कमी दाखवतंय असं लिहाल. १ टक्क्याच्या हद्दीत हा चौथ्या भागाहून जास्त वाटा आहे. डायल गेजचे डिव्हिजन टेबलवरून किलोन्यूटनमध्ये बदलण्याआधी ही दुरुस्ती करा. काम १० ते ३५ अंशांच्या आतच करायचं, आणि रिंग गाडीतून काढल्या काढल्या मशीनवर चढवायची नाही. तिला खोलीच्या तापमानाला यायला वेळ द्या. गेज वाचण्याआधी बोटाने हलकी टिचकी मारतात, कारण काटा अडकतो.

लोड सेलला तापमानाची भरपाई आत केलेली असते, म्हणून आज बहुतेक जण सेलच नेतात. पण त्याचं सर्टिफिकेट सेल आणि इंडिकेटर या जोडीचं असतं. ऑफिसमध्ये दुसरा इंडिकेटर मोकळा होता म्हणून तो उचलून नेला, तर ते सर्टिफिकेट लागू होत नाही. पेटी भरताना दोन्हींचे सीरियल नंबर सर्टिफिकेटशी जुळवा, आणि तारीखही बघा. २६ महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही.

मशीन खरोखरच चुकत असेल आणि ॲडजस्ट करावं लागलं, तर आधीची रीडिंग खोडू नका. ॲडजस्टमेंटच्या आधीची आणि नंतरची, दोन्ही सर्टिफिकेटवर जातात. आधीच्या रीडिंगवरूनच ग्राहकाला ठरवायचं असतं की मागच्या महिन्यांत दिलेल्या कुठल्या सळ्यांचे रिपोर्ट परत बघावे लागतील. आणि सर्टिफिकेटवर क्लासशेजारी रेंज ठळक लिहा: "क्लास १, २० ते ४०० किलोन्यूटन, कॉम्प्रेशन". ऑडिटर आधी तिथेच बघतो.