शिलाईच्या दुकानातले तयार मेसेज: माझी वही कशी तयार झाली

मिरजेत माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं छोटं दुकान आहे. दोन मशीन, एक मदतनीस आणि मी. लग्नसराईत शिवण्यापेक्षा मेसेज टाईप करण्यातच जास्त वेळ जायला लागला, तेव्हा एका दुपारी मागच्या दोन महिन्यांचे मेसेज वाचून काढले. तेव्हा कळलं की मी त्याच सहा गोष्टी फिरून फिरून लिहितेय: माप द्यायला या, ट्रायलला या, तयार झालं, उशीर होतोय, तुम्ही आला नाहीत, दुकान बंद आहे.

नवीन दुकान टाकणाऱ्यांनी सुरुवात अशीच करावी. मनाने मेसेज रचायला बसू नका, आधी स्वतःचे जुने मेसेज काढा. ज्या मेसेजवर गिऱ्हाईकाने उलट प्रश्न विचारलाय, त्यात काहीतरी राहिलेलं असतं. माझ्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा 'उद्या' हाच शब्द नडला होता. रात्री दहाला मी 'उद्या ट्रायलला या' लिहायचे, ताई तो सकाळी वाचायच्या आणि परवा यायच्या. आता वहीत लिहून ठेवलेल्या तयार मेसेजच्या साच्यात वार, तारीख आणि वेळ तिन्ही असतात. 'संध्याकाळी' असंही लिहीत नाही, 'संध्याकाळी ६ ते ८' लिहिते.

व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये 'क्विक रिप्लाय' नावाची सोय आहे, त्यात पन्नासपर्यंत साचे ठेवता येतात. मी `/trial`, `/tayar`, `/ushir` अशी नावं दिली आहेत. तिरकी रेघ टाईप केली की यादी येते. पण गिऱ्हाईकाचं नाव आणि तारीख ते ॲप स्वतः भरत नाही, ती आपणच भरायची. एकदा माझ्याकडून 'नमस्कार ____ ताई, ____ वारी या' असाच मेसेज गेला. तेव्हापासून सगळ्या मोकळ्या जागा पहिल्या ओळीत ठेवते. पाठवण्याआधी एकच ओळ बघितली की झालं.

सुराचं म्हणाल तर मी आधी 'नम्र', 'गोड', 'कडक' असे प्रकार केले होते. ते चालले नाहीत, कारण घाईत कोणता घ्यायचा तेच ठरेना. मग नात्यावरून लावले. नव्या गिऱ्हाईकाला पूर्ण वाक्यं आणि 'आपण'. जुन्या ताईंना दोन ओळी: 'ताई, ब्लाउज तयार. शनिवार, १४ डिसेंबर, ११ नंतर कधीही या.' नव्या बाईंना हेच पाठवलं तर तुटक वाटतं, आणि जुन्या ताईंना 'आपले वस्त्र तयार आहे' लिहिलं तर त्या हसतात.

सगळ्यात जास्त वेळ उशिराच्या साच्यावर घालवा. एक प्रसंग सांगते. रविवारी, १५ डिसेंबरला एका ताईंच्या बहिणीचं लग्न होतं आणि ब्लाउज गुरुवारी, १२ ला द्यायचं कबूल केलं होतं. बाह्यांचं आरीवर्क कारागिराकडून परत आलं नव्हतं, आणि हे मला मंगळवारीच कळलं. पूर्वी मी गुरुवारपर्यंत गप्प बसले असते आणि मग 'थोडा उशीर होईल, सॉरी' लिहिलं असतं. त्यावर 'थोडा म्हणजे किती?' आणि मग फोनवर फोन. यावेळी मंगळवारी दुपारीच हा मेसेज गेला:

'ताई, तुमचं ब्लाउज गुरुवारऐवजी शुक्रवार, १३ डिसेंबरला संध्याकाळी ६ वाजता मिळेल. बाह्यांचं वर्क यायला एक दिवस लागतोय, बाकी शिलाई झाली आहे. शुक्रवारी इथेच घालून बघा, फिटिंग लगेच करून देते. वेळ जमत नसेल तर आजच सांगा.'

त्या फक्त 'बरं, सहाला येते' म्हणाल्या. नवी तारीख पहिल्याच वाक्यात आहे, उशिराचं कारण एकच दिलंय, आणि काम कुठवर आलंय ते कळतं. दोन-तीन कारणं दिली की बहाणे वाटतात. लाईट गेली, मदतनीस आजारी, हे सगळं खरं असलं तरी. मात्र नवी तारीखही हुकणार असेल तर साचा वापरू नका, सरळ फोन करा. तोच मेसेज दुसऱ्यांदा आला की माणूस चिडतो.

'तुम्ही आला नाहीत' हा साचा मी तीनदा बदलला. आता त्यात 'का आला नाहीत' नाही, फक्त 'आता कधी जमेल, बुधवार की शुक्रवार?' एवढंच आहे. दोन वार समोर ठेवले की उत्तर येतं.

वयस्कर काकूंसाठी साचे नाहीत. त्या मेसेज बघत नाहीत, सून बघते, ती संध्याकाळी. त्यांच्या नावापुढे वहीत 'फोन' असं लिहिलंय. आणि घरात कोणी गेल्याचं कळलं, शिवायला दिलेलं तसंच पडून असलं, तर त्यालाही साचा नाही. ते कपडे मी बाजूला घडी करून ठेवते आणि तेरावा होईपर्यंत काहीच पाठवत नाही.