नमस्कार म्हणत निघून जाणाऱ्याला एका वाक्यात काय सांगावे : या चुका टाळा

मोठ्या इमारतीच्या प्रवेशद्वाराशी, परिषदेच्या नोंदणी-टेबलावर किंवा ग्रंथालयाच्या चौकशी कक्षात बसणाऱ्यांना एक प्रकारचा माणूस दिवसभर भेटत असतो. तो आपल्याकडे पाहतो, मान हलवतो, ‘नमस्कार’ म्हणतो आणि ते म्हणतानाच त्याची पावले पुढे पडत असतात. त्याच्या मनात उद्धटपणा नसतो. त्याला सौजन्य पाळायचे असते, फक्त थांबायचे नसते. अशा माणसाला उलट नमस्कार करून मदतीची तयारी कळवण्यासाठी आपल्या हाती एकच वाक्य असते आणि बहुतेक जण ते वाक्य ठरावीक चुकांमुळे वाया घालवतात.

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे प्रश्न विचारणे. ‘नमस्कार, काही मदत हवी आहे का?’ हे वाक्य ऐकायला निर्दोष वाटते, परंतु निघालेल्या माणसाच्या अंगावर ते एक काम टाकते. इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वी सॅक्स या समाजशास्त्रज्ञांनी संभाषण कसे संपते याविषयी 1973 मध्ये लिहिताना जोडीने येणाऱ्या उक्तींचा विचार मांडला होता. नमस्काराला नमस्कार आणि प्रश्नाला उत्तर अशा या जोड्या असतात, आणि पहिला भाग उच्चारला गेला की दुसरा अपेक्षित ठरतो. तो आला नाही तर त्याची अनुपस्थिती दोघांनाही जाणवते. घाईतल्या माणसाने नमस्कार करून आपल्या बाजूने एक जोडी उघडलेली असते आणि आपल्या नमस्काराने ती पूर्ण होते. त्याला प्रश्न जोडला की आपण लगेच दुसरी जोडी उघडतो, आणि ती मिटवण्यासाठी त्याला थांबावे तरी लागते किंवा मागे वळून काहीतरी बोलावे तरी लागते. या दोहोंपेक्षा सोपा मार्ग म्हणजे ‘नको, नको’ म्हणून टाकणे, आणि तो तेच करतो.

या ‘नको’चा खरा तोटा नंतर दिसतो. त्याने विचार न करता दिलेले उत्तर असले तरी ते आता दिले गेलेले असते. पाच मिनिटांनी त्याला दालन सापडत नाही, तेव्हा ज्या माणसाला आत्ताच नकार दिला त्याच्याकडे परत जाऊन विचारणे त्याला अवघड वाटते आणि तो आणखी दोन मजले फिरून येतो. म्हणून मदतीची तयारी विधानाच्या रूपात सांगावी. विधानाला उत्तर देण्याची सक्ती नसते, आणि ज्याने नकार दिलेलाच नाही त्याला परत येताना संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

दुसरी चूक लांबीची आहे, आणि ती एका प्रसंगातून नीट समजते. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्याला पिशवी आणि हातात मोबाइल असलेला एक पाहुणा आत येतो, मोबाइलवरची वेळ पाहतो, टेबलाकडे बघून ‘नमस्कार’ म्हणतो आणि जिन्याकडे वळतो. टेबलामागची स्वयंसेविका म्हणते, ‘नमस्कार, स्वागत आहे आपलं, आज तिन्ही मजल्यांवर सत्रं सुरू आहेत, आपल्याला कुठल्या सत्राला जायचं आहे, काही मदत करू का?’ हे 19 शब्द आहेत. स्पष्ट उच्चारात सेकंदाला दोन-अडीच शब्द होतात असे धरले, तर हे वाक्य संपायला सुमारे 8 सेकंद लागतात. भरभर चालणारा माणूस सेकंदाला साधारण दीड मीटर अंतर कापतो. म्हणजे ‘मदत करू का’ हे शब्द उच्चारले जातात तेव्हा तो 12 मीटर दूर, बहुधा जिन्याच्या पहिल्या वळणावर असतो. अंतर वाढते तसा आवाज क्षीण होतो हे उघड आहे, पण त्याहून महत्त्वाचे असे की एकदा पाठ फिरली की ओठांची हालचाल आणि चेहऱ्यावरचा भाव दिसेनासा होतो, आणि गजबजलेल्या जागी बोलणे समजून घेताना आपल्याला त्यांचा मोठा आधार असतो.

तेच काम सहा शब्दांत होते: ‘नमस्कार! नकाशा इथेच आहे, परतताना घ्या.’ याला अडीच ते तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तो चार-साडेचार मीटरच पुढे गेलेला असतो. शिवाय बोलता बोलता नकाशांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला, तर शेवटचे दोन शब्द हरवले तरी गोष्ट पोहोचते.

याला जोडूनच मराठी वाक्यरचनेची एक अडचण लक्षात घ्यायला हवी. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि अटी, कारणे, सौजन्याचे शब्द आधी येतात. ‘आपल्याला जर सत्रांच्या जागा शोधायला अडचण येत असेल तर इथे नकाशा मिळेल’ या वाक्यात ‘नकाशा’ हा कामाचा शब्द शेवटून दुसरा आहे, म्हणजे नेमका तो ऐकू न येण्याच्या टप्प्यात पडतो. पहिल्या सेकंदात कान आपल्याकडे असतो, तेव्हा नमस्कारानंतर लगेच वस्तूचे नाव यावे, मग जागा, आणि कधी हे सांगायचे असेल तर ते शेवटी. ‘जर-तर’ला या वाक्यात स्थान देऊ नये. कोणाला नकाशा हवा आहे आणि कोणाला नको, हे ज्याचे त्याला कळते. नमस्कार मात्र गाळू नये, कारण तो त्याच्या नमस्काराची परतफेड आहे आणि त्याशिवाय उरलेले वाक्य हुकूम दिल्यासारखे वाटते.

तिसरी चूक मोघमपणाची. ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य लहान आहे, विधानही आहे, आणि तरीही ते बहुधा निष्फळ ठरते, कारण त्यात लक्षात ठेवण्याजोगे काहीच नाही. घाईतला माणूस आपल्या कामाचा विचार करत असतो. ‘काही’ या शब्दाला त्या विचारात जागा मिळत नाही, ‘नकाशा’, ‘सामान ठेवायची खोली’ किंवा ‘चार्जर’ या शब्दांना मिळते. एका वाक्यात एकच वस्तू सांगावी. दोन सांगितल्या की दोन्ही विसरल्या जातात, असे माझे मत आहे. कोणती वस्तू निवडायची हे त्या माणसाकडे एक नजर टाकून ठरवावे: हातात जड बॅग असेल तर सामानाची खोली, भिंतीवरच्या पाट्या वाचत चालला असेल तर नकाशा, आणि काहीच उमगले नाही तर त्या दिवशी लोक सर्वाधिक जे विचारत आहेत ते. अंदाज मनात करावा, बोलून दाखवू नये. ‘दमलेले दिसता, खुर्ची आहे इथे’ हे वाक्य कितीही आपुलकीने म्हटले तरी अनोळखी माणसाला ते स्वतःवरचा शेरा वाटू शकते.

कित्येकदा वाक्य चांगले असते आणि बिघाड अंगाच्या हालचालीत असतो. टेबलामागून उठून दोन पावले पुढे येणे, आवाज चढवणे किंवा ‘अहो, एक मिनिट’ अशी हाक मारणे, यांमुळे मदतीची तयारी मागणीसारखी भासू लागते. समोरच्याचा खांदा आधीच पूर्ण वळलेला असेल तर नुसता ‘नमस्कार’ म्हणून थांबावे. त्या क्षणी उरलेले वाक्य म्हणण्याचा मोह होतो खरा, पण तो ऐकणाऱ्यापेक्षा म्हणणाऱ्याच्या समाधानासाठी असतो.

दिलेला शब्द पाळता न येणे ही चूक बोलण्याच्या वेळी दिसतच नाही. ‘मी इथेच आहे’ असे सकाळी सांगितले आणि दुपारी पाळी बदलली, तर परत आलेल्या माणसाला अनोळखी चेहरा दिसतो आणि त्याला सगळे पहिल्यापासून सांगावे लागते. म्हणून वाक्यात स्वतःऐवजी वस्तू आणि जागा ठेवावी. ‘नकाशे या टेबलावर, पाचपर्यंत’ हे पाळी बदलली तरी खरे राहते, फक्त पुढच्या व्यक्तीला गठ्ठा कुठे आहे हे सांगून जावे लागते आणि गठ्ठा संपत आला की नव्या प्रती मागवाव्या लागतात.

आपले वाक्य पोहोचते आहे की नाही, हे कसे ओळखावे? ज्याला ऐकू गेले तो बहुधा अर्धे पाऊल मंदावतो किंवा बोलल्या गेलेल्या वस्तूकडे नजर टाकतो. न पाहता आलेले ‘हो, हो’ म्हणजे त्याला फक्त नमस्कार ऐकू गेला. तो थबकून ‘काय म्हणालात?’ असे विचारू लागला तर वाक्य लांब झाले किंवा कामाचा शब्द मागे पडला असे समजावे आणि सगळे वाक्य पुन्हा न म्हणता, गठ्ठ्याकडे हात करून फक्त ‘नकाशा’ एवढाच शब्द उच्चारावा. खरी परीक्षा परत येणाऱ्यांच्या बोलण्यात होते. ‘तो नकाशा द्या’ असे म्हणत कोणी आले तर शब्द टिकला. ‘मघाशी तुम्ही काहीतरी म्हणत होता’ असे म्हणत आले तर आवाज पोहोचला, आशय पोहोचला नाही, आणि अशा वेळी शब्दांचा क्रम बदलून पाहावा. कोणी परतच आले नाही तर त्यावरून काही ठरवू नये, कारण अनेकांना खरोखरच काही नको असते.

मोबाइल कानाला लावून चालणाऱ्याला मान हलवून केलेला नमस्कार पुरतो. तो एका संभाषणात आहे, दुसरे त्याच्यावर लादू नये. याउलट जिथे माणसाला थांबवणेच आवश्यक असते तिथे वरचे सगळे उलटे करावे लागते. तो ज्या जिन्याकडे निघाला आहे तो बंद असेल, फरशी ओली असेल किंवा सत्राची खोली बदललेली असेल, तर नमस्कार मागे ठेवून माहिती आधी, मोठ्याने आणि त्याच्या दिशेने सांगावी: ‘जिना बंद आहे! डावीकडून जा.’ इथे हाक मारणेही योग्य आणि टेबलामागून उठून पुढे जाणेही योग्य. तो थांबून वळला की मग नमस्कार करता येतो.