सर्व्हर वाढवताना अपलोड केलेले फोटो हरवू नयेत म्हणून काय करावं

एका कॉलेजची प्रवेशअर्जाची साइट आम्ही एका सर्व्हरवरून दोन सर्व्हरवर नेली आणि त्याच दुपारी तक्रारी सुरू झाल्या. मुलाने फोटो अपलोड केला की दिसायचा, पान रिफ्रेश केलं की गायब, पुन्हा रिफ्रेश केलं की परत हजर. फोटो पहिल्या सर्व्हरच्या डिस्कवर उतरला होता आणि लोड बॅलन्सर पुढची रिक्वेस्ट दुसऱ्याकडे पाठवत होता. एका माणसाला एकाच सर्व्हरशी बांधून ठेवायची सोय असते, पण तिने दुखणं फक्त झाकलं जातं. तो सर्व्हर गेला की फोटोही गेला.

म्हणून आधी फाइली बाहेर काढा, मग लोड बॅलन्सर लावा आणि गर्दीप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवणारं ऑटोस्केलिंग सगळ्यात शेवटी. खालचे आकडे AWS चे आहेत.

१. फाइली ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये न्या

AWS चं ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणजे S3. ते दिसायला फोल्डरसारखं असलं तरी ती डिस्क नव्हे. तिथल्या बकेटमध्ये, म्हणजे आपल्या नावाच्या साठ्यात, प्रत्येक फाइल एका नावाखाली अख्खी ठेवली जाते आणि अख्खीच बदलली जाते. शेवटी एक ओळ जोडायची सोय नेहमीच्या बकेटमध्ये नाही. त्यामुळे फोटो, मार्कशीट, पीडीएफ तिथे ठेवा. चालू डेटाबेसच्या फाइली तिथे ठेवू नका.

फाइल आपल्या सर्व्हरमधून फिरवायचीही गरज नाही. सर्व्हरने पाच मिनिटं चालणारी लिंक बनवून द्यावी आणि ब्राउझरने थेट बकेटमध्ये अपलोड करावं:

```python
url = s3.generate_presigned_url(
    "put_object",
    Params={"Bucket": "pravesh-arj", "Key": "2417/photo.jpg"},
    ExpiresIn=300)
```

बकेटवर CORS ची परवानगी द्यायला विसरलात, तर ब्राउझर अपलोड अडवतो. डेटाबेसमध्ये फक्त `2417/photo.jpg` एवढंच साठवा. मग एक सर्व्हर मुद्दाम काढून टाका, नवा उभा करा आणि जुना अर्ज उघडून पाहा. फोटो दिसला तरच पुढे जा.

२. लोड बॅलन्सरची तपासणी हलकी ठेवा

लोड बॅलन्सर दर ३० सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरला एक पत्ता विचारतो, समजा `/health`. लागोपाठ दोनदा उत्तर आलं नाही की त्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवणं थांबवतो. इथली चूक फार महागात पडते. `/health` मध्ये डेटाबेसची क्वेरी घातली, तर डेटाबेस मंदावल्यावर सगळेच सर्व्हर एकदम आजारी ठरतात. ऑटोस्केलिंग ग्रुपला लोड बॅलन्सरची तपासणी जोडलेली असेल, तर तो धडधाकट सर्व्हर मारून नवे उभे करत बसतो आणि डेटाबेसवर आणखी ताण येतो. या पत्त्याने फक्त ‘माझा प्रोग्राम चालू आहे’ एवढंच सांगावं. डेटाबेससाठी वेगळा अलार्म लावा.

३. ऑटोस्केलिंगचा कमाल आकडा डेटाबेसला विचारून ठरवा

सरासरी सीपीयू ५० टक्क्यांवर राहील असं धोरण लावलं, की वाढीचा अलार्म साधारण तीन मिनिटं चढा सीपीयू पाहिल्यावर वाजतो. त्यानंतर मशीन सुरू होणार, प्रोग्राम चढणार, तपासणीत पास होणार. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी पाचला जी झुंबड उडते, तिला हे पुरत नाही. तारीख माहीत असते, तर त्या दिवशी दुपारपासूनच किमान संख्या वेळापत्रकाने वाढवून ठेवा.

कमाल किती? आमचा प्रत्येक सर्व्हर डेटाबेसशी २० कनेक्शन उघडायचा. सहा सर्व्हर म्हणजे १२०, आणि पोस्टग्रेसची मूळ मर्यादा १००. सहावा सर्व्हर आला की मदत व्हायच्या ऐवजी `too many clients already` सारखी एरर दिसणार. पाच सर्व्हरनीच शंभरची मर्यादा पूर्ण भरते, म्हणून कमाल चार. त्यापुढे जायचंच असेल, तर आधी मोजकी कनेक्शन सगळ्या सर्व्हरमध्ये वाटून देणारा कनेक्शन पूलर मध्ये बसवा.

४. सर्व्हरलेस कुठे नको

फोटो बकेटमध्ये आला की त्याची छोटी प्रत बनवणं हे लॅम्डा या AWS च्या सर्व्हरलेस सेवेसाठी अगदी योग्य काम आहे: काही सेकंदांचं, एकमेकांवर अवलंबून नसलेलं, रात्री कोणी आलं नाही तर खर्चही नाही.

पण अख्खी साइट त्यावर नेऊ नका. लॅम्डाची एक प्रत नेहमीच्या पद्धतीत एका वेळी एकच रिक्वेस्ट घेते आणि सहसा स्वतःचं कनेक्शन उघडते. एकाच क्षणी ४०० मुलं आली तर ४०० कनेक्शन, म्हणजे वरचाच प्रश्न चौपट. आणि दिवसभर सतत रहदारी असेल, तर वापरावर पैसे मोजण्यापेक्षा कायम चालू सर्व्हर बहुधा स्वस्त पडतो.

दुसरं न जमणारं काम म्हणजे प्रवेश बंद झाल्यावर सगळ्या अर्जांची एक झिप करणं. लॅम्डाची एक फेरी १५ मिनिटांना तुटते, मग काम अर्धं असो वा नव्वद टक्के. चार हजार अर्जांची प्रत्येकी पाच कागदपत्रं म्हणजे वीस हजार फाइली. एवढ्यांना तेवढा वेळ पुरेल याचा भरवसा नाही. हे काम रात्री एका साध्या सर्व्हरवर लावा, दर शंभर अर्जांची वेगळी झिप करा आणि कुठवर आलो ते डेटाबेसमध्ये लिहीत जा. मध्ये बंद पडलं तर तिथूनच पुढे सुरू करता येतं.