आतल्या कॉइलचा व्यास आधी मोजा

दोन समाक्ष सॉलेनॉइडांमधला म्युच्युअल इंडक्टन्स M काढायचा प्रयोग मांडणार असाल तर आधी व्हर्निअर हातात घ्या. आतल्या कॉइलचा व्यास मोजून वहीत लिहा, मगच ती बाहेरच्या कॉइलमध्ये सरकवा. मागच्या वेळी मी आतली कॉइल टेपने घट्ट बसवून टाकली आणि नंतर जो व्यास हाती लागला तो बाहेरचा. म्हटलं, कोणताही चालेल. नाही चालत.

वायरी, प्रोब वगैरे तुम्ही आणालच. माझी बाहेरची कॉइल 50 सेंमी लांब, 500 वेढ्यांची, 4 सेंमी व्यासाची होती. आतली 10 सेंमी लांब, 200 वेढ्यांची. तिच्या तारेवरून व्हर्निअर 20.5 मिमी दाखवतो, त्यातून तारेची 0.5 मिमी जाडी वजा केली की सरासरी व्यास 20 मिमी. ही वजाबाकी आळसाने सोडू नका, कारण क्षेत्रफळात व्यासाची चूक दुप्पट होते.

सूत्र असं:

```
M = μ0 · n1 · N2 · A2
```

यातला n1 म्हणजे बाहेरच्या कॉइलचे दर मीटरचे वेढे, N2 आतल्या कॉइलचे एकूण वेढे, आणि A2 हे क्षेत्रफळही आतल्या कॉइलचं. चुंबकीय क्षेत्र बाहेरच्या कॉइलभर पसरलेलं असलं तरी आतल्या वेढ्यांतून जातं तेवढंच मोजायचं. प्रवाह आतल्या कॉइलला दिला तरी क्षेत्रफळ आतलंच, कारण तिच्याबाहेर क्षेत्र जवळजवळ उरत नाही. दोन्हीकडून आतलाच व्यास! n1 मीटरला 1000 वेढे धरून M येतो सुमारे 79 मायक्रोहेन्री.

फंक्शन जनरेटरवरून बाहेरच्या कॉइलला 1 किलोहर्ट्झची त्रिकोणी लाट द्या. सोबत 100 ओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडा, म्हणजे त्याच्यावरच्या व्होल्टेजवरून प्रवाह कळेल. हा रेझिस्टर ग्राउंडच्या बाजूलाच हवा. ऑसिलोस्कोपच्या दोन्ही चॅनेलचं आणि सहसा जनरेटरचंही ग्राउंड एकच असतं, त्यामुळे उलट जोडलात तर रेझिस्टर किंवा कॉइल शॉर्ट होते. प्रवाह +50 ते −50 मिलिअँपिअर असेल तर बदलाचा वेग सेकंदाला 200 अँपिअर, आणि आतल्या कॉइलवर दिसायला हवी सुमारे 16 मिलिव्होल्ट उंचीची चौकोनी लाट. प्रवाह एका चालीने चढतो तोवर व्होल्टेज स्थिर, उतरायला लागला की चिन्ह उलटं.

मला 16च दिसत होते, पण बाहेरच्या व्यासाने हिशेब 63 सांगत होता. बरोब्बर चौपट. व्यास दुप्पट, क्षेत्रफळ चौपट, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. मी मात्र दुपारभर सैल जोड शोधत बसलो.

आतली कॉइल मधोमध ठेवा, टोकाशी क्षेत्र निम्म्यावर येतं. चौकोनाचे माथे तिरके दिसले तर आधी प्रवाहाची लाट खरंच सरळ रेषेत चढते का ते बघा. मग वारंवारता दुप्पट करा, व्होल्टेज दुप्पट व्हायला हवं. बाकी नेहमीचं. व्यास लिहिलात ना? आतला?