घरकामाच्या ताईंना गुण देताना खाडे कसे मोजावेत

सोसायटीच्या गेटवरील ॲपमध्ये घरकाम करणाऱ्या ताईंना तारे देण्याची सोय असली, तर त्या ताऱ्यांकडे पाहून दुसऱ्या विंगमधील घर त्यांना काम देते किंवा नाकारते. म्हणून नियमितपणा, कामाचा दर्जा आणि निरोप या तिन्ही गोष्टींना वेगवेगळे गुण ठरवावेत आणि निदान तीन महिन्यांच्या कामावरून ठरवावेत. ज्या दिवशी सिंकमध्ये भांड्यांचा ढीग पडला आहे, त्या दिवशी तर ॲप उघडूच नये.

खरी अडचण नियमितपणा मोजताना येते आणि माझी चूकही तिथेच झाली. इंदिरानगरमधील आमच्या घरी भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या ताई एका जुलै महिन्यात सात दिवस आल्या नाहीत, तेव्हा मी आठवणीवर विसंबून ‘दर आठवड्याला दांडी’ असे लिहिले आणि दोन तारे दिले. नंतर पगाराचा हिशेब करायला भिंतीवरची दिनदर्शिका काढली, तेव्हा त्या सात दिवसांचा उलगडा झाला. दोन दिवस महिन्याच्या ठरलेल्या सुट्टीचे होते. तीन दिवस त्या भाताच्या आवणीसाठी पेठ तालुक्यातील आपल्या गावी गेल्या होत्या आणि ते त्यांनी आठवडाभर आधी सांगितले होते. एक दिवस आम्हीच बाहेरगावी असल्यामुळे त्यांना येऊ नका म्हटले होते. न सांगता झालेला खाडा एकच, तो 18 तारखेचा. महिन्याच्या 31 दिवसांतून ठरलेल्या सुट्ट्या आणि आमचा दिवस वजा केला, तर कामाचे 28 दिवस उरतात आणि त्यांपैकी 24 दिवस त्या आल्या होत्या. उरलेल्या चारांपैकी तीन दिवसांची कल्पना मला आधीच होती.

तेव्हापासून दिनदर्शिकेवर मी तीन वेगळ्या खुणा करते: ठरलेल्या सुट्टीला गोल, सांगून घेतलेल्या रजेला तिरकी रेघ आणि न सांगता झालेल्या खाड्याला फुली. आम्ही नको म्हटलेल्या दिवसावर काहीच खूण करायची नाही, कारण तो खाडा त्यांचा नव्हे. नियमितपणाचे गुण केवळ फुल्या मोजून द्यावेत, असे माझे ठाम मत आहे. सांगून घेतलेल्या रजा तुम्हाला जास्त वाटत असतील, तर त्याविषयी समोरासमोर बोलावे. ताऱ्यांतून तो राग काढू नये. उशिराचेही तसेच आहे. ॲपमध्ये गेटवरची वेळ नोंदली जाते, तुमच्या दारावरची नव्हे, आणि आधीच्या घरी पाहुणे असले की भांडी वाढून ताईंना तिथेच अडकून पडावे लागते.

कामाचा दर्जा पाहणे त्या मानाने सोपे आहे. कुकरच्या झाकणाची रबराखालची खाच बोटाने चाचपावी आणि फरशी वाळल्यावर उजेडात तिरकी पाहावी. मात्र फरशीवर पांढरट पट्टे दिसले, तर पाण्यात फरशीचे लिक्विड जास्त पडले होते का आणि बादलीतले पाणी मध्येच बदलायला मिळाले होते का, हे आधी विचारावे. पंखे किंवा खिडक्या पुसणे ठरलेच नसेल, तर त्यासाठी गुण कापू नयेत.

निरोपाची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवावी. आमच्याकडे सकाळी सातच्या आत मिस्ड कॉल आला, म्हणजे ‘आज येणार नाही’ असे ठरले आहे. लिहिलेला मेसेज वाचणे सर्वांनाच सोयीचे नसते. कप फुटला तर तो स्वतःहून सांगितला जातो का, हेही निरोपातच धरावे, आणि सांगणाऱ्या ताईंवर चिडणाऱ्या घराने या बाबीचे गुण देऊच नयेत.

अभिप्राय लिहिताना आजारपण, घरची भांडणे, उसने पैसे यांतले काहीही लिहू नये. मी नंतर असा मजकूर केला: ‘भांडी स्वच्छ, फरशी चांगली. रजा आधी सांगतात. तीन महिन्यांत न सांगता एक खाडा.’ तो टाकण्यापूर्वी ताईंना वाचून दाखवला, कारण ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना ते आधी ठाऊक असावे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “ताई, त्या दिवशी माझा फोन बंद पडला होता. मी खालच्या मजल्यावरच्या कामवाल्या बाईकडे निरोप दिला होता, तुम्हाला मिळाला नाही का?” निरोप मिळाला नव्हता. खाली जाऊन विचारल्यावर ती बाई तो द्यायला विसरल्याचे कळले. मी शेवटचे वाक्य खोडले, 18 तारखेच्या फुलीची तिरकी रेघ केली आणि जुने दोन तारे बदलले.