भाड्याची वाटणी: भागायचं कशानं, तिथेच मी चुकलो

कॉस्टिंगच्या ट्रेनिंगला पहिल्यांदा कारखान्यात पाऊल टाकलंत की पहिल्या आठवड्यातच हे काम तुमच्याकडे येणार. एका शेडचं भाडं एकच असतं, विभाग चार-पाच असतात आणि प्रत्येकाच्या नावावर त्याचा वाटा टाकायचा असतो. भाडं क्षेत्रफळावर, कँटीन माणसांच्या संख्येवर, एवढं तुम्हाला परीक्षेमुळे पाठ आहे. मलाही होतं. तरी मी चार महिने चुकीचे आकडे दिले आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या चुकीबद्दलच लिहितोय, कारण ती तुमच्याकडूनही होण्याची दाट शक्यता आहे.

भोसरीतलं सुटे भाग बनवणारं युनिट होतं. भाडं महिन्याला 2,40,000 रुपये. भाडेकरारात क्षेत्रफळ लिहिलेलं होतं 12,000 चौरस फूट. आधीच्या ट्रेनीची एक्सेल फाइल मला मिळाली, तिच्यात विभागांची क्षेत्रफळं तयार होती. मशीन शॉप 4,800, असेंब्ली 2,400, स्टोअर्स 1,200, मेंटेनन्स 600 आणि ऑफिस 600. मी करार उघडला, भाड्याला 12,000 नं भागलं, फुटाला 20 रुपये दर आला. मशीन शॉपला 96,000, असेंब्लीला 48,000, स्टोअर्सला 24,000, उरलेल्या दोघांना बारा-बारा हजार. शीट सुबक दिसत होती. मी ती पाठवून दिली.

आता वरच्या पाच क्षेत्रफळांची बेरीज करून बघा. ती 9,600 येते. उरलेले 2,400 फूट म्हणजे मधला मोठा पॅसेज, जिना, स्वच्छतागृहं, सिक्युरिटी केबिन आणि भिंतींची जाडी. ही जागा कुठल्याच विभागाची नाही, पण तिचं भाडं मात्र दर महिन्याला जातंच. 2,400 गुणिले 20 म्हणजे 48,000 रुपये कोणाच्याच खात्यावर गेले नाहीत. हिशोबाच्या वहीत पूर्ण भाडं होतं, माझ्या कॉस्ट शीटमध्ये फक्त 1,92,000.

परीक्षेत हे कधी दिसत नाही, कारण गणितातल्या क्षेत्रफळांची बेरीज नेहमी जुळलेलीच असते. कारखान्यात एक आकडा करारातून येतो, दुसरा टेपनं मोजलेला असतो आणि दोन्हींच्या पुढे ‘चौ. फूट’ असंच लिहिलेलं असतं. म्हणून हे पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी वाचा: भागायचं ते ज्यांच्यात वाटायचं आहे त्यांच्याच बेरजेनं. करारातला आकडा मालकाला भाडं देण्यासाठी आहे, वाटणीसाठी नाही. 2,40,000 भागिले 9,600 म्हणजे फुटाला 25 रुपये. मग मशीन शॉप 1,20,000, असेंब्ली 60,000, स्टोअर्स 30,000, मेंटेनन्स आणि ऑफिस प्रत्येकी 15,000. बेरीज बरोबर 2,40,000.

फाइलमध्ये B1 मध्ये भाडं, B4 ते B8 मध्ये पाच विभागांची क्षेत्रफळं आणि शेजारच्या C कॉलममध्ये प्रत्येकाचा वाटा होता. C4 मध्ये मी हे लिहिलं होतं:

```
=$B$1*B4/12000
```

आणि लिहायला हवं होतं हे:

```
=$B$1*B4/SUM($B$4:$B$8)
```

खाली एक सेल फक्त तपासणीसाठी ठेवा. तिथे शून्याशिवाय काहीही दिसलं तर शीट पुढे पाठवायची नाही:

```
=SUM(C4:C8)-$B$1
```

याचा फटका कुठे बसला तेही सांगतो. मशीन शॉप महिन्याला 2,400 तास चालायचं. खरं भाडं तासाला 50 रुपये पडत होतं, माझ्या शीटप्रमाणे 40. त्यात स्टोअर्स आणि मेंटेनन्सची तूट धरलेलीच नाही. कोटेशनं माझ्या दरावर जात होती. पाचव्या महिन्यात आमच्या कॉस्ट मॅनेजर मॅडमनी कॉस्ट शीट आणि ट्रायल बॅलन्स शेजारी ठेवले आणि एवढंच विचारलं, “भाड्यातले अठ्ठेचाळीस हजार गेले कुठे?” तो प्रश्न आठवला की मला आजही पोटात गोळा येतो. पण त्यांनी आवाज चढवला नाही. मेंटेनन्सच्या फिटरला बोलावलं, त्याच्या हातात टेप दिली आणि मला म्हणाल्या, “जा, स्वतः मोजून ये.”

दुपारभर आम्ही मोजलं आणि तेव्हा मला कळलं की क्षेत्रफळ हाही निर्णय असतो. मशीन शॉपमध्ये जमिनीवर पिवळे पट्टे होते. दोन लेथच्या मधली ये-जा करायची जागा कोणाची? ती विभागाचीच, कारण त्या लेथ नसत्या तर ती वाटही लागली नसती. मालाची ट्रॉली गेटपासून डिस्पॅचपर्यंत जाते तो मोठा पॅसेज मात्र सगळ्यांचा. असेंब्लीच्या सुपरवायझरनी कोपऱ्यातल्या 200 फुटांकडे बोट दाखवलं, “हा माल स्टोअर्सचा आहे, भाडं आमच्यावर कशाला?” त्यांचं बरोबर होतं. रॅक स्टोअर्सचे होते, जागा वापरत होतं स्टोअर्स. त्या महिन्यापासून असेंब्ली 2,200 आणि स्टोअर्स 1,400 झालं. जुन्या ट्रेनीच्या फाइलवर विश्वास ठेवू नका, असं मी आता प्रत्येक नवीन मुलाला तोंडावर सांगतो. फाइल वापरा, पण त्यातलं क्षेत्रफळ एकदा चालून बघा.

काहीजण सुचवतात की जिना आणि स्वच्छतागृहांचं भाडं माणसांच्या संख्येवर वेगळं वाटावं. तत्त्वतः योग्य आहे, पण एवढ्याशा जागेसाठी वेगळा आधार धरून फारसं काही बदलत नाही. तिथे वेळ घालवू नका. सगळा पैसा कुठे ना कुठे पोचला आहे ना, तेवढं आधी बघा.

संख्येवरच्या वाटणीतही हाच खड्डा आहे, फक्त वेगळ्या वेषात. कँटीनचा खर्च होता 88,000. पगारपत्रकावर 80 माणसं: मशीन शॉप 40, असेंब्ली 20, स्टोअर्स 4, मेंटेनन्स 6, ऑफिस 10. माणशी 1,100 रुपये, म्हणजे मशीन शॉपवर 44,000 आणि असेंब्लीवर 22,000. पण असेंब्लीत ठेकेदाराची 30 माणसं होती. ती पगारपत्रकात नव्हती, पण जेवायला रोज त्याच रांगेत उभी असायची. कँटीनची कुपनं मोजली तेव्हा हे उघड झालं. 110 माणसं धरली की माणशी 800 रुपये येतात. असेंब्ली 40,000 वर जाते, मशीन शॉप 32,000 वर येतं. इथे बेरीज दोन्ही वेळा 88,000 च येते, त्यामुळे मघाची शून्याची तपासणी ही चूक पकडत नाही. ती पकडायला एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या दाराशी उभं राहावं लागतं.

दुसऱ्या टप्प्याबद्दल थोडक्यात. ऑफिसचा वाटा प्रशासकीय खर्चात जातो, तो उत्पादनाच्या दरात ओढू नका. स्टोअर्सवर जमलेला खर्च पुढे मशीन शॉप आणि असेंब्लीला देताना पुन्हा क्षेत्रफळ वापरायचं नाही, मालाच्या मागणी-चिठ्ठ्यांची संख्या घ्यायची. इथे गोंधळ झाला तर घाबरू नका, पहिल्या महिन्यात सगळ्यांचाच होतो आणि वर्किंग पुन्हा लावलं की सुटतो.

आणि भाड्याचं बिल घेताना आधी अकाउंट्सला विचारा की त्यावरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं आहे का. घेतलं असेल तर 2,40,000 च वाटायचे, 18 टक्के मिळवून होणारे 2,83,200 नाहीत.

मोजमापाच्या कागदावर आम्ही पाचही विभागप्रमुखांच्या सह्या घेतल्या आणि तारीख घातली. पुढे मशीन शॉपमध्ये नवीन सीएनसी आलं आणि मेंटेनन्सची भिंत सहा फूट मागे गेली, तेव्हा कुठल्या महिन्यापासून कोणतं क्षेत्रफळ लावायचं यावर वाद झाला नाही. नवा कागद जुन्यावर स्टेपल केला, एवढंच.