या चुका टाळा: तिसऱ्या बेसिनमध्ये पट्टी फिकट का येते?

शेवभाजीची खानावळ आहे, दुपारची गर्दी आहे. भांडी तीन बेसिनमधून जातात: पहिल्यात साबणाने घासायची, दुसऱ्यात विसळायची, तिसऱ्यात क्लोरीनच्या पाण्यात बुडवून जंतू मारायचे. सकाळी ११ वाजता तिसऱ्या बेसिनमध्ये हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) टाकलं तेव्हा टेस्ट पट्टी १०० पीपीएमला गडद जांभळी झाली. १ वाजता तीच पट्टी जेमतेम १० च्या खुणेएवढी रंगते. मग कॅन उचलून अंदाजाने आणखी एक धार ओतली जाते. गडबड इथूनच सुरू होते, कारण क्लोरीन गेलं कुठे हे कोणी पाहिलेलंच नसतं.

आधी हिशोब. तिसरं बेसिन ४० लिटरचं आहे आणि कॅनवर ४ टक्के लिहिलंय असं धरू. १०० पीपीएम म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम, म्हणजे ४० लिटरला ४ ग्रॅम क्लोरीन. ४ टक्क्यांच्या द्रावणात लिटरला साधारण ४० ग्रॅम असतं, म्हणून १०० मिली पुरे. कॅन १० टक्क्यांचा असेल तर ४० मिली. मापाचा कप बेसिनजवळच टांगून ठेवा आणि बेसिनच्या आत ४० लिटरची रेघ मारा, नाहीतर पाणी रोज वेगळं आणि माप तेच असा घोळ होतो. ५० ते १०० पीपीएम या टप्प्यात काम चालतं.

आता पट्टी फिकट आली की एक बादली घ्या. १० लिटर स्वच्छ पाण्यात त्याच ४ टक्क्यांच्या कॅनमधलं २५ मिली ढवळा आणि पट्टी बुडवा. १०० आलं तर कॅन ठीक आहे, दोष बेसिनमध्ये आहे. ५० च्या आसपास आलं तर कॅनच अर्धा मेलाय. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली किंवा भट्टीशेजारी ठेवलेलं हायपो झपाट्याने उतरतं, ऊन लागलं तर आणखीच. मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून चार महिन्यांचा साठा करणं आपल्याकडे परवडत नाही. लहान कॅन घ्या, सावलीत ठेवा, उघडल्याची तारीख लिहा.

बादली ठीक आणि बेसिन फिकट, असं असेल तर बहुतेक वेळा दोष दुसऱ्या बेसिनचा असतो. शेवभाजीची तर्री किंवा भरिताचं तेल पहिल्या बेसिनमध्ये पूर्ण सुटलं नाही, तर ते साबणासकट दुसऱ्यात उतरतं. दुसऱ्याचं पाणी पांढुरकं झालं की तीच घाण तिसऱ्यात जाते आणि क्लोरीन तिच्यावरच खर्च होतं. म्हणून खरकटं आधी ड्रममध्ये खरवडून टाका आणि पहिल्या बेसिनचं पाणी ४५ अंशांच्या आसपास ठेवा. तवंग धरला की ते बदला. दुसऱ्याला शक्यतो वाहता नळ द्या, नाहीतर पाणी गढुळताच ओता. तिसऱ्यात मात्र उकळतं पाणी घालू नका, क्लोरीन उडून जातं. साधं पाणी बरं. घाण झालेल्या तिसऱ्या बेसिनमध्ये हायपो वाढवून उपयोग नाही, ते पाणी सोडून नवीन भरायचं.

पट्टी वापरतानाही चुका होतात. पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडं राहिलं किंवा ओल्या बोटांनी पट्टी काढली तर वाफेने ती आधीच बिघडते. क्लोरीनची पट्टी क्षणभर बुडवायची, झटकायची नाही, लगेच रंग जुळवायचा. पाच मिनिटांनी पाहिलेला रंग धरू नका. द्रावण क्वाट प्रकारचं, म्हणजे क्लोरीन नसलेलं दुसरं जंतुनाशक, असेल तर पट्टीही क्वाटचीच लागते, क्लोरीनची पट्टी त्यात काही सांगणार नाही. आणि नाकात झोंबेल इतका वास येतोय, पण पट्टी पांढरी? तेव्हा क्लोरीन फार जास्त असून पट्टीचा रंगच उडालेला असू शकतो. एक वाटी द्रावणात नऊ वाट्या स्वच्छ पाणी घालून पुन्हा तपासा आणि आकड्याला दहाने गुणा. २०० च्या वर निघालं तर पाणी घालून उतरवा.

आकडा बरोबर येऊनही काम अपुरं राहू शकतं. बोअरचं पाणी बरेचदा क्षारयुक्त, अल्कधर्मी असतं. त्यात क्लोरीन हळू काम करतं, आणि ही मंदी पट्टी दाखवत नाही. म्हणून भांडं पूर्ण एक मिनिट बुडलेलं राहू द्या. ताटं एकात एक चिकटून बुडवली तर मधल्या बाजूंना पाणी लागतच नाही, ती उभी, सुटी ठेवा. आणि लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड त्या बेसिनच्या आसपासही नको. विषारी क्लोरीन वायू निघतो.

बाहेर काढलेलं ताट फडक्याने पुसणं ही शेवटची आणि सर्रास चूक. फडकं दिवसभर ओलंच असतं. जाळीच्या रॅकवर तिरकी ठेवा, खानदेशच्या उन्हाळ्यात ती लवकर सुकतात. ॲल्युमिनियमची पातेली मात्र एक मिनिटानंतर काढाच, रात्रभर बुडवून ठेवली तर काळी पडतात आणि बारीक खड्डे पडतात.